‘तसंच मांड’

टेबलावर तीन खेळणी एका रांगेत ठेवली आहेत. गाय, तिच्यामागे घोडा, त्याच्यामागे डुक्कर. तिघांची तोंडं डावीकडे. समोर उभ्या असलेल्या माणसाला सांगितलंय की नीट बघून घ्या, लक्षात ठेवा. मग खेळणी उचलली जातात. जरा वेळ जाऊ देतात, आणि त्या माणसाला चार पावलं चालवत मागच्या बाजूच्या दुसऱ्या टेबलाशी नेतात. पहिल्या टेबलाशी त्याचं तोंड पश्चिमेला होतं, आता पूर्वेला आहे. त्याच्या हातात खेळणी देऊन म्हणतात, “मघाशी होतं तसंच मांडा.”

एवढाच प्रयोग आहे. यंत्र नाही, पडदा नाही, घड्याळही नाही. १९९० च्या दशकात स्टीफन लेविन्सन, पेनेलोपी ब्राउन आणि नेदरलंड्समधल्या नायमेखन इथल्या माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेतले त्यांचे सहकारी अशी खेळणी पिशवीत घालून मेक्सिकोपासून ऑस्ट्रेलियापर्यंत हिंडले. त्यांना पाहायचं होतं ते हे: आपण जी भाषा बोलतो तिच्या सवयी, तोंड बंद असतानाही, आपल्या विचारात उतरतात का? कवितेचं रसग्रहण करताना आपण एकेका शब्दापाशी थांबतो, तसं या प्रयोगाच्या एकेका हालचालीपाशी थांबावं असं मला बरेच दिवस वाटत होतं. त्याची मांडणी सुंदर आहे. आणि एके ठिकाणी तिला तडा गेलेला आहे. माझ्या मते तडा आणि सौंदर्य एकाच जागी आहेत.

रांगेतल्या प्राण्यांची तोंडं डावीकडे होती असं मी वर लिहिलं. चियापासच्या डोंगराळ भागातल्या तेनेहापा इथे त्सेल्ताल बोलणाऱ्या माणसाने ते तसं सांगितलं नसतं. त्सेल्ताल ही माया कुळातली भाषा. डावा हात, उजवा हात यांना तिच्यात शब्द आहेत, पण ते हातापुरते. ‘झाडाच्या डावीकडे माणूस उभा आहे’ असं सांगायला ते कामी येत नाहीत. तिथे म्हणतात, माणूस झाडाच्या चढाकडे आहे, नाहीतर उताराकडे. तेनेहापाची जमीन एकूण पाहता दक्षिणेला उंच आणि उत्तरेला उतरती. त्यामुळे चढ म्हणजे दक्षिण आणि उतार म्हणजे उत्तर असं ते पक्कं बसलंय, आणि सपाट जमिनीवर, टेबलावर, परक्या गावातही ते चालतं. लेविन्सनने एक किस्सा नोंदवलाय. तेनेहापाची एक बाई नवऱ्याबरोबर दूरच्या शहरात हॉटेलात उतरली होती. तिथल्या मोरीत दोन नळ पाहून तिने नवऱ्याला विचारलं की गरम पाणी चढाकडच्या नळाला येतं का.

हे ऐकून आपल्याकडच्या वाचकाला फार नवल वाटू नये. जमिनीच्या जुन्या दस्तात चतुःसीमा लिहिलेल्या असतात: पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस ओढा. तिथे ‘डावीकडे’ लिहून चालणार नाही, कारण वाचणारा कुठे उभा आहे हे दस्ताला ठाऊक नसतं. गावाकडे ‘वरच्या अंगाला’, ‘उगवतीला’ हे शब्द अजून ऐकू येतात. पण घरात शिरल्यावर आपण डाव्या-उजव्यावर येतो. ‘दक्षिणेकडची वाटी दे’ असं जेवताना कुणी म्हणत नाही. तेनेहापात मात्र वाटीलाही दिशाच लागते.

आता त्या वळण्याकडे या. या प्रयोगाचा सगळा जीव त्या अर्ध्या वळणात आहे. माणूस पश्चिमेला तोंड करून उभा असताना डावीकडे म्हणजे दक्षिणेकडे, म्हणजेच चढाकडे. तो वळलेला नसता आणि त्याच टेबलावर पुन्हा मांडायला सांगितलं असतं, तर डावीकडे आणि चढाकडे ही दोन्ही उत्तरं एकच आली असती आणि त्याच्या डोक्यात कुठली नोंद झाली हे कळायला मार्गच नव्हता. तो पूर्वेकडे वळला की दोन्ही नोंदी फुटतात. ज्याने ‘डावीकडे’ असं लक्षात ठेवलं तो पुन्हा स्वतःच्या डावीकडे तोंडं करणार, आणि आता ती उत्तर झाली. ज्याने ‘चढाकडे’ असं लक्षात ठेवलं तो तोंडं दक्षिणेलाच ठेवणार, आणि ती आता त्याच्या उजवीकडे आली. पहिल्याच्या रांगेला सापेक्ष म्हणू, दुसऱ्याच्या रांगेला निरपेक्ष. तोंडातून एक शब्द न काढता माणूस सांगून जातो की त्याने जग स्वतःच्या शरीरावरून मोजलं की जमिनीवरून.

दुसरी खुबी यापेक्षा बारीक आहे आणि चटकन लक्षात येत नाही. ‘लक्षात ठेवा’ म्हटल्यावर माणसाला वाटतं, आपली परीक्षा क्रमाची आहे. गाय पुढे की घोडा पुढे? तो सगळा जोर त्यात लावतो. पण संशोधकाला क्रमाशी काही देणंघेणं नाही. क्रम कुठल्याही बाजूला तोंड करून बरोबरच राहतो. मोजायची आहे ती दिशा, आणि दिशा हा माणूस जाता जाता, विचार न करता देऊन टाकतो. सवय अशाच वेळी सापडते. पुढे हे ध्यानात घेऊनच त्यांनी चार प्राणी ठेवले आणि रांगेत मांडायचे तीनच. मग कुठले तीन हेही आठवावं लागतं, डोकं आणखी तिकडे गुंततं आणि दिशा आणखी मोकळी सुटते. जादूगार एका हाताकडे बघायला लावतो, तसं आहे हे. फरक एवढाच की इथे दुसऱ्या हाताने काही लपवायचं नसून काही पाहायचं असतं.

भाषा आणि विचार या विषयावरचा बराचसा वाद रंगांवर झाला आहे. २००७ साली जोनाथन विनावर, लेरा बोरोडिट्स्की आणि सहकाऱ्यांनी रशियनमधल्या दोन निळ्यांवर केलेला प्रयोग फार गाजला. रशियनमध्ये फिकट निळा ‘गलुबोय’ आणि गडद निळा ‘सीनिय’ हे दोन वेगळे रंग मानतात, आपल्या आकाशी-निळ्यापेक्षा अधिक ठामपणे. पडद्यावर तीन चौकोन, वरच्यासारखा खालचा कुठला ते पटकन ओळखायचं. खालचे दोन निळे त्या सीमेच्या दोन बाजूंना पडले की रशियन भाषक ते अधिक लवकर ओळखत. इंग्रजी भाषकांत हा फरक दिसला नाही. सर्वांत देखणी चाल म्हणजे, त्याच वेळी मनात आकडे घोकायला लावले की रशियन भाषकांची ही आघाडी गळून पडे. जीभ आकड्यांत अडकली की नाव मदतीला येत नाही. पण हा फरक सेकंदाच्या बारीक अंशात मोजायचा असतो. पडदा कुठला, उजळपणा किती, यावर तो हलतो, आणि २०२० मध्ये यास्ना मार्तिनोविच, गालिना परामेई आणि जोसेफ मॅकिनिस यांनी त्याच्या मर्यादा दाखवून दिल्या. तीन खेळण्यांचं उत्तर मात्र टेबलावर उघड्या डोळ्यांना दिसतं. मला हा प्रयोग जास्त आवडतो, त्याचं हे एक कारण.

मुळातली एक गोष्ट इथेच सांगायला हवी. टेबलावर जे दिसेल त्याचा भाषेशी संबंध जोडायचा, तर ती भाषा काय करते हे टेबलापासून वेगळं, आधीच मोजलेलं असलं पाहिजे. नाहीतर प्राणी चढाकडे मांडले म्हणून आपण म्हणू की भाषा चढाची, आणि भाषा चढाची म्हणून प्राणी चढाकडे. हे घाण्याच्या बैलासारखं गोल फिरणं झालं. त्यासाठी या मंडळींनी एक वेगळा खेळ रचला. त्याच भाषेच्या दोन माणसांना शेजारी शेजारी बसवून मध्ये पडदा धरायचा. दोघांसमोर फोटोंचा सारखाच संच: एक खेळण्यातला माणूस, एक खेळण्यातलं झाड, आणि दर फोटोत त्यांच्या जागा किंवा माणसाचं तोंड थोडं वेगळं. एकाने एक फोटो निवडून शब्दांत सांगायचा, दुसऱ्याने स्वतःच्या संचातून तो शोधायचा. ‘झाड माणसाच्या डावीकडे’ असं सांगून भागतं की ‘झाड चढाकडे, माणूस उताराकडे पाहतोय’ असं सांगावं लागतं, हे तिथेच ठरतं. भाकीत या खेळावरून करायचं आणि तपासायचं टेबलावर. टेबलाशी मात्र दिशेचा एकही शब्द उच्चारायचा नाही.

त्सेल्तालमध्ये याहून एक नाजूक जागा आहे. चढाला एक शब्द, उताराला एक. पण त्यांना आडव्या जाणाऱ्या पूर्व-पश्चिम रेषेला एकच शब्द आहे, ‘आडवं’. तिची दोन टोकं रोजच्या शब्दांत वेगळी होत नाहीत. म्हणून रांग कशी लावायची हे ठरवणं नुसतं सोयीचं काम राहत नाही. उत्तर-दक्षिण रांग लावली तर भाषा ठामपणे एक उत्तर सुचवते. पूर्व-पश्चिम लावली तर भाषेचा हात सैल पडतो. मी आखणारी असते तर दोन्ही रांगा ठेवल्या असत्या. भाषेचा काही प्रभाव असेल, तर तो एका रेषेवर जास्त आणि दुसरीवर कमी दिसायला हवा. आणि तीच माणसं, त्याच अंगणात, त्याच दिवशी असल्यामुळे इतर शंकांना जागा कमी उरते.

निकाल काय लागला? डच माणसं जवळजवळ सगळी डाव्या-उजव्यावर गेली. तेनेहापातली बहुतांश माणसं जमिनीवर. जपानी डचांच्या बाजूला, ऑस्ट्रेलियातली अरेर्न्टे बोलणारी त्सेल्तालच्या बाजूला. १९९८ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात एरिक पेडरसन आणि सहकाऱ्यांनी हे एकत्र मांडलं. भाषेची सवय आणि टेबलावरची मांडणी जोडीने चालतात, असा त्याचा रोख.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. समजा प्रत्येकाला पाच वेळा मांडायला लावलं, आणि पाचपैकी चार-पाच वेळा एकाच पद्धतीने मांडलं तर त्याला त्या गोटात टाकायचं असं ठरवलं. हा नियम वाजवी दिसतो. पण नाणं उडवून मांडणारा माणूसही पाचपैकी चार किंवा पाच वेळा एकाच बाजूला पडण्याची शक्यता ३२ मध्ये १२ आहे, म्हणजे शंभरात साडेसदतीस. तेव्हा एका माणसावर शिक्का मारू नये. गावातल्या सगळ्यांची उत्तरं मांडून आकृतीचा आकार पाहावा. सगळे नाणं उडवत असतील तर ढीग मधोमध जमेल, दोन-तीनच्या आसपास. दोन सवयी असतील तर ढीग दोन टोकांना जमेल आणि मध्ये खळगा पडेल. दोन्हीकडे सरासरी अर्धीच येऊ शकते, म्हणून नुसती सरासरी छापणाऱ्या लेखावर माझा विश्वास बसत नाही. आणखी एक: दर वेळी तोंडं डावीकडेच ठेवू नयेत. काही वेळा डावीकडे, काही वेळा उजवीकडे. नाहीतर खेळणं हाताला सोयीचं पडेल तसं ठेवण्याची सवयच तुम्ही भाषेच्या खात्यात जमा कराल.

आता तडा. तो त्या एका शब्दात आहे: तसंच.

२००२ मध्ये पेन्सिल्वेनिया विद्यापीठातल्या पेगी ली आणि लायला ग्लाइटमन यांनी ‘कॉग्निशन’मध्ये लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच टेबल फिरवण्याचा खेळ होता. त्यांचा आक्षेप साधा: मांडणीची दोन्ही उत्तरं ‘तसंच’ आहेत. प्रश्नच दुटप्पी आहे, आणि दुटप्पी प्रश्नाचं उत्तर माणूस आजूबाजूला बघून देतो. तेनेहापाची माणसं मोकळ्यावर, डोंगर दिसत असताना मांडत होती. डच बंद खोलीत. मग फरक भाषेचा की खिडकीचा? त्यांनी आपल्याच इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना घेतलं. पडदे बंद, पडदे उघडे, बाहेर मोकळ्यावर. शिवाय टेबलाच्या टोकाला खेळण्यातल्या बदकांची जोडी ठेवून पाहिली. उत्तरं हलली. बदकं दुसऱ्या टेबलावर दक्षिणेलाच ठेवली तर विद्यार्थी ‘निरपेक्ष’ झाले. त्यांच्याबरोबर फिरवून ठेवली तर ‘सापेक्ष’ झाले. भाषा तीच, इंग्रजी. मग भाषेचं श्रेय कुठे राहिलं?

हा लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, संपलं. इतक्या सहज पाडता येणारा प्रयोग आपण डोक्यावर घेतला होता. पण त्याच वर्षी लेविन्सन, सोतारो किता, डानिएल हाउन आणि ब्योर्न राश यांचं उत्तर आलं, आणि त्यातली एक चाल बघून मला पुन्हा प्रयोगाच्या प्रेमात पडावं लागलं. त्यांचं म्हणणं असं की बदकं ठेवून तुम्ही तिसरीच चौकट आत आणलीत. ‘तोंडं बदकांकडे’ ही नोंद शरीरावरून केलेली नाही आणि जमिनीवरूनही नाही, वस्तूवरून वस्तू. अर्धं वळून ही तिसरी नोंद दुसरीपासून वेगळी करता येत नाही. पण माणसाला अर्ध्याऐवजी पाव वळवा.

पश्चिमेला तोंड असलेला माणूस पाव वळून दक्षिणेला तोंड करून उभा राहिला असं धरा. ज्याने ‘डावीकडे’ लक्षात ठेवलंय तो रांग आडवीच लावील, तोंडं डावीकडे. ज्याने ‘चढाकडे’ लक्षात ठेवलंय, त्याची रांग आता आडवी राहणारच नाही. ती त्याच्यापासून पुढे निघून जाईल, तोंडं त्याच्यापासून लांब, दक्षिणेला. ज्याने ‘बदकांकडे’ लक्षात ठेवलंय तो बदकं असतील तिकडे जाईल, ती कुठेही ठेवा. तीन नोंदी, तीन वेगळ्या रांगा. मूळ प्रयोगात नव्वद अंशांचा कोपरा नव्हता म्हणून भांडण लागलं, आणि तो कोपरा घातल्यावर बरंचसं निवळलं. डच माणसांना बाहेर मोकळ्यावर नेऊनही त्यांनी पाहिलं. ती डाव्या-उजव्यावरच राहिली.

तरी तडा बुजला असं मी म्हणणार नाही. तो किती खोल आहे हे मला पुस्तकात नाही, माझ्या आत्याच्या पडवीत कळलं.

आत्या सोलापूरकडच्या एका लहान गावात राहते, वय सत्तरीच्या पुढे. जत्रेतून घेतलेले प्लास्टिकचे चार प्राणी मी घेऊन गेले होते. पुण्यात जेवणाच्या टेबलावर भाच्यांवर हा खेळ आधी करून झाला होता, आणि पहिल्या दिवशी मी अगदी बावळटासारखी चूक केली होती: भाच्याला जागेवर ठेवून पाट फिरवला. पाट फिरला की खोली, दार, माणूस सगळं जागच्या जागी राहतं. फिरतं ते फक्त लाकूड. दोन नोंदी फुटतच नाहीत. दुसऱ्या दिवशी भाच्याला वळवलं, आणि दोघेही भाचे पाचही वेळा डाव्या-उजव्यावर गेले.

आत्यासाठी मी दोन पाट मांडले, एक पडवीच्या या टोकाला आणि एक त्या टोकाला. तिने बैल, घोडा, शेळी बघून घेतली. मी ती उचलली, तिला वळवलं आणि म्हटलं, “आत्या, आता इथं तसंच मांड.”

ती प्राणी हातात घेऊन थांबली. “अगं, माझ्याकडनं तसंच का मारुतीच्या देवळाकडनं तसंच?”

अशा वेळी प्रयोग करणाऱ्याने काय म्हणायचं हे ठरलेलं असतं: तुला वाटेल तसं. मी तेच म्हटलं. ती हसली, “मग विचारतीस कशाला बाई,” म्हणाली आणि तोंडं देवळाकडे करून ठेवली. देऊळ पूर्वेला. पुढच्या चार वेळा तिने न विचारता तसंच केलं.

एका आत्यावरून काही सिद्ध होत नाही. पण तिच्या त्या प्रश्नात ली आणि ग्लाइटमन यांचा अख्खा लेख होता. तिच्यापाशी दोन्ही चौकटी तयार होत्या. तिने फक्त विचारलं, तुला कुठली हवी? तेव्हा टेबलावर आपण पाहतो ती बुद्धीची मर्यादा नाहीच. न सांगता माणूस कुठल्या बाजूला झुकतो, तेवढंच तिथे दिसतं. आणि झुकाव बघायचा असेल तर प्रश्न दुटप्पीच ठेवावा लागतो. एकच बरोबर उत्तर असलेला प्रश्न विचारला की झुकाव लपतो आणि क्षमता दिसते. मघाशी म्हटलं ना, तडा आणि सौंदर्य एकाच जागी आहेत, ते यामुळे.

२०११ मध्ये पेगी ली, लिंडा अबार्बानेल, लायला ग्लाइटमन आणि ॲना पापाफ्रागू यांनी तेनेहापातच जाऊन नेमकं हे तपासलं: ज्यांत उत्तर एकच बरोबर आहे अशी कामं दिली. ज्या कामांत स्वतःच्या शरीरावरून मोजावं लागे, तीही तिथल्या माणसांनी जमिनीवरून मोजायच्या कामांइतकीच, काही वेळा अधिक चांगली केली. डावं-उजवं भाषेत नाही म्हणून डोक्यात नाही, हे म्हणणं इथे मोडलं. ते मोडायला हवंच होतं. त्याच वर्षी हाउन आणि सहकाऱ्यांनी नामिबियातल्या हाइओम आणि डच मुलांवर उलट बाजूने पाहिलं. मुलांना त्यांच्या सवयीच्या नसलेल्या पद्धतीने मांडायला सांगितलं, तेव्हा ती अडखळली. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचले की मला त्यांत विरोध दिसत नाही. एक विचारतो येतं का, दुसरा विचारतो सवयीबाहेर सहज जाता येतं का. मात्र या क्षेत्रात दोन्ही गट एकमेकांना हरवल्यासारखं लिहितात, आणि ते वाचताना कंटाळा येतो.

शेवटची शंका सर्वांत चिवट आहे. तेनेहापाचा माणूस आणि डच माणूस यांच्यात भाषा सोडून हजार फरक आहेत: शेती, डोंगर, शाळा, डावीकडून उजवीकडे वाचण्याची सवय. फरक भाषेचाच कशावरून? यावरचं सर्वांत हुशार उत्तर आपल्याच शेजारी मिळालं, तामिळनाडूत, मदुराईच्या परिसरात. पेडरसनने दाखवलं की तमिळ बोलणाऱ्यांत दोन सवयी आहेत. गावाकडचे टेबलावरच्या वस्तूंनाही उत्तर-दक्षिण लावतात, शहरातले डावं-उजवं, आणि खेळणी मांडताना कल साधारण त्याच वाटांनी जातो. व्याकरण एकच, लिपी एकच, तरी झुकाव दोन. म्हणजे प्रभाव असलाच तर तो ‘तमिळ’ नावाच्या भाषेचा नाही, रोज तोंडात बसलेल्या बोलण्याचा आहे. पण यातही गाव आणि शहर जोडीनेच बदलतात, आणि भाषेला सोडवायला आणलेली चावी पुन्हा शेतात आणि रस्त्यात अडकते.

गाव तेच, शाळा तीच, उंबरठा तोच, आणि शेजारच्या दोन घरांत बोलण्याची सवय वेगळी, अशी जोडी मिळाली तर हा प्रयोग पुन्हा करावा. मराठीत ती मिळायला हरकत नाही. ‘उगवतीला सरक’ म्हणणारी आजी आणि ‘उजवीकडे सरक’ म्हणणारी नात बऱ्याच घरांत एकाच छपराखाली आहेत. करून पाहणार असाल तर चार प्राणी घ्या आणि मांडायला तीनच सांगा, तोंडं दोन्ही बाजूंना आळीपाळीने ठेवा, एकदा पाव वळवा आणि एकदा अर्धं. दिशेचा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका आणि हातही पाठीमागे बांधून उभे राहा. आणि माझ्यासारखा पाट फिरवू नका, माणूस फिरवा.